हे आधी ठरलं होतं का?

२००८ साली पुण्यात ज्योतिषाची एक चाचणी झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा आतून अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे हे तिचे चार कर्ते. शाळांमधून दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यांतली शंभर मुलं अभ्यासात हुशार आणि शंभर मतिमंद होती. त्यावरून कुंडल्या मांडल्या, प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला, आणि ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केलं, की आम्ही पाठवू त्या चाळीस कुंडल्या पाहा आणि कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंद मुलाची एवढंच सांगा. डोळे मिटून नाणं उडवलं तरी चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर येतील. म्हणून नुसत्या नशिबापलीकडे काही आहे असं म्हणायला किमान २८ बरोबर यायला हवीत, हा निकष होता.

एक्कावन्न ज्योतिष्यांना कुंडल्या गेल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत जास्त गुण २४, एकाला. त्याखालोखाल २२, दोघांना. सगळ्यांची मिळून सरासरी सुमारे ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या मागून घेतल्या होत्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली. २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

ज्योतिष खरं की खोटं हा आपला आजचा विषय नाही. मला या चाचणीत रस आहे तो वेगळ्या कारणाने. प्रश्न एकच होता, तो उत्तरं येण्याआधी ठरला होता आणि लोकांसमोर मांडला होता. आजच्या भाषेत याला पूर्वनोंदणी म्हणतात. माहिती हाती येण्यापूर्वी संशोधक आपला आराखडा तारखेसह एखाद्या सार्वजनिक नोंदवहीत टाकतो. काय मोजणार, कितीजणांवर, कोणतं गणित लावणार, कुणाला वगळणार हे सगळं त्यात असतं. पुण्याच्या चाचणीच्या वेळी अशी नोंदवही वापरली गेली नव्हती, पण जाहीर आवाहनाने तेच काम बऱ्याच अंशी केलं.

आता खोडकरपणा करून पाहू. समजा त्या चौघांच्या हाती उत्तरं आहेत आणि आधी काय ठरलं होतं हे कुणालाच ठाऊक नाही. मग त्या कागदांतून काय काय काढता येईल?

पहिलं, २४ गुणवाला. चाळीसपैकी चोवीस म्हणजे साठ टक्के. ‘एका ज्योतिष्याने साठ टक्के अचूकता गाठली’ हे वाक्य शब्दशः खरं आहे. पण नाणेफेकीने २४ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास असते. सत्तावीस जणांनी नाणी उडवली असती तर तीनचार जण तिथे सहज पोचले असते. इथे एकच पोचला.

दुसरं जास्त गमतीचं आहे. सत्तावीस जणांची प्रत्येकी चाळीस म्हणजे हजार ऐंशी उत्तरं. ती सगळी धरली तर निम्मी ५४०, आणि ४६ टक्के म्हणजे पाचशेच्याही किंचित आत. साधं सूत्र लावलं तर एवढी तूट निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास निघते. म्हणजे ‘ज्योतिषी सांगतात त्याच्या उलट खरं असतं’ असा शोध लावायला जागा आहे, तोही संख्याशास्त्राच्या शिक्क्यासह! अर्थात हे सूत्र इथे नीट लागू पडत नाही. सगळे ज्योतिषी साधारण एकाच परंपरेचे नियम वापरतात, कुंडल्या त्याच दोनशेंमधल्या आहेत, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. पण हा खुलासा करायचं आपल्याला सुचलं ते निष्कर्ष हास्यास्पद वाटला म्हणून. तोच पटण्यासारखा असता तर किती जणांनी खुलासा शोधला असता?

तिसरी गोष्ट निकषाबद्दलची. एका माणसाला नुसत्या नशिबाने २८ गुण मिळण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे निकष कडक वाटतो. पण सत्तावीस जण बसले की त्यांतल्या निदान एकाला तरी नशिबाने २८ किंवा जास्त मिळण्याची शक्यता वीस टक्क्यांवर जाते. म्हणजे पाचातून एकदा. तसा कुणी निघाला असता तर पुढे काय, याचंही उत्तर आराखड्यात आधीच असावं लागतं. त्या एकाची नव्या कुंडल्यांवर दुसरी चाचणी घ्यावी, हे माझं उत्तर.

सत्तावीस आणि एक्कावन्न या दोन आकड्यांमधलं अंतर मात्र खऱ्या अर्थाने आराखड्यापासूनचं अंतर आहे. चोवीस जणांनी उत्तरंच दिली नाहीत. ती मागे राहण्याचं कारण संशोधकांच्या हातात नव्हतं, पण दोन्ही आकडे छापणं हातात होतं आणि ते त्यांनी छापले. न कळवणारे जास्त तरबेज होते की कमी, हे वाचकाने आपल्या मनाशी ठरवावं. त्यासाठी त्याला आधी चोवीसजण गळाले हे कळायला हवं.

आराखडा तंतोतंत पाळला जाणं ही प्रत्यक्षात दुर्मीळ गोष्ट आहे. ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात २०१५ ते २०१७ या काळात पूर्वनोंदणीचा बिल्ला मिळवून छापलेले अभ्यास काही संशोधकांनी मूळ नोंदींशी ताडून पाहिले. सत्तावीस अभ्यासांपैकी (आकडा योगायोगाने तोच) फक्त दोन आराखड्याबरहुकूम झाले होते. उरलेल्या पंचवीसांपैकी एकानेच सगळे बदल सांगितले होते, आणि नऊ अभ्यासांनी एकही नाही. बिल्ला मात्र सगळ्यांच्या छातीवर. बदल केले हा त्यांचा दोष मी मानत नाही, बदल होतातच. वाचकाला मात्र वाटलं की जे ठरलं तेच केलं.

हे कागदावर कसं उतरवायचं ते पाहायला आपण पुण्याहून अचलपूरला येऊ. इथून पुढचं उदाहरण मी रचलेलं आहे, आकडेही माझेच. पण त्यातली प्रत्येक अडचण आपल्या संत्रापट्ट्यात काम करणाऱ्याला ओळखीची वाटेल.

समजा, परतवाड्याच्या एका महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना आंबिया बहारातल्या फळगळीवर एका फवारणीचा उपयोग होतो का ते पाहायचं आहे. अचलपूर आणि चांदूर बाजार तालुक्यांतल्या ४० बागा त्यांनी घेतल्या. चिठ्ठ्या टाकून २० बागांत फवारणी, २० बागांत नाही. प्रत्येक बागेत दहा झाडांवर खूण. एक ऑगस्टला झाडावरची फळं मोजायची, मग तीस सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला खाली पडलेली. बागेची शेकडा गळ काढून दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक टी-चाचणीने पाहायचा. एवढं जुलैत नोंदवून ठेवलं. चांगला आराखडा आहे, आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांपेक्षा चांगला.

मग पाऊस आला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाले भरून वाहू लागले, बांधावरचे रस्ते बंद झाले आणि मोजणी सगळ्याच बागांत २३ तारखेला थांबवावी लागली. हा पहिला बदल. तो दोन्ही गटांना सारखाच लागू आहे, कोणत्या बागेत किती गळ झाली याची बेरीज होण्याआधी ठरलेला आहे, आणि कारण उघड आहे. लेखात तो दोन ओळींत संपतो: ‘मोजणी ३० सप्टेंबरपर्यंत करण्याचे नोंदवले होते. अतिवृष्टीमुळे ती सर्व बागांत २३ सप्टेंबरला थांबवली. हा निर्णय आकडे गटवार पाहण्यापूर्वी घेतला. शेवटच्या आठवड्यातील गळ यात आलेली नाही.’ काय ठरलं होतं, काय झालं, का, कधी ठरवलं, आणि त्याचा निकालावर काय परिणाम संभवतो, एवढ्या पाच गोष्टी त्यात आल्या. बहुतेक लेखांत यातली चौथी गळते, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

दुसरा बदल नाजूक आहे. पाच मालकांनी मधेच बागेचा सौदा करून ती व्यापाऱ्याला दिली आणि व्यापाऱ्याने पुढे मोजणी करू दिली नाही. अशा बागांचं काय करायचं, हे आराखड्यात लिहिलेलंच नव्हतं. सहज सुचणारा उपाय म्हणजे त्या वगळायच्या. वगळल्या तर ३५ उरतात. समजा फवारलेल्या बागांत गळ ५ टक्क्यांनी कमी दिसली, आणि ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ०.७ ते ९.३. शून्य त्या मर्यादेबाहेर राहिलं, म्हणजे ‘फवारणी लागू पडली’.

पण ते पाच कोण होते? चार फवारलेल्या गटातले आणि एक न फवारलेल्या. आणि बाग घाईने का विकली जाते? फळ टिकत नाही असं दिसलं की मालक मिळेल त्या भावाला सौदा उरकतो. म्हणजे फवारूनही फळ गळत होतं अशाच बागा अभ्यासातून बाहेर पडल्या आणि फवारणी आहे त्यापेक्षा गुणकारी दिसू लागली. चाळीसही बागा चिठ्ठीप्रमाणे आपापल्या गटात ठेवल्या, त्या पाचांची सौद्याच्या दिवसापर्यंतची गळ धरली, की फरक ३.६ वर येतो आणि मर्यादा उणे ०.४ ते ७.६ होते. आता शून्य आत आलं.

दोन आकडे, दोन निकाल. इथे प्रामाणिकपणा म्हणजे नेमकं काय? दोन्ही छापायचे हे तर आहेच. पण मुख्य कोणता, हे सोयीने ठरवता येत नाही. मूळ आराखड्यात ‘चिठ्ठी टाकून ४० बागा’ म्हटलं होतं, तेव्हा चाळीसांचा हिशेब त्याच्या जवळचा आहे. तोच मुख्य. पस्तिसांचा हिशेब खाली, आणि सोबत हे वाक्य: ‘बागा वगळण्याबाबत आराखड्यात तरतूद नव्हती. वगळण्याचा विचार निकाल पाहिल्यानंतर झाला. वगळल्यास निष्कर्ष बदलतो.’ शेवटचे तीन शब्द लिहिताना हात जड होतो, पण ते नसतील तर आधीच्या दोन वाक्यांना फारसा अर्थ उरत नाही. सौद्याचीही बागवार तारीख आणि तोवरची गळ तक्त्यात द्यावी, म्हणजे दुसऱ्याला आपला हिशेब करता येईल.

तिसरा बदल गणिताचा. आकडे समोर आल्यावर दिसलं, की दोनतीन बागांत गळ अफाट आहे, बाकी सगळीकडे बेताची. सरासरीवर चालणारी चाचणी अशा ठिकाणी डळमळते, म्हणून बाईंना क्रमांकांवर आधारलेली चाचणी योग्य वाटते. ती कदाचित खरंच जास्त योग्य असेल. डच मानसशास्त्रज्ञ डॅनिएल लॅकेन्स यांनी अशा प्रसंगांबद्दल नेटका भेद केला आहे. आराखडा सोडल्याने चाचणीचा कडकपणा कमी होतो, कारण आपल्याला हवं ते निघण्याची वाट थोडी मोकळी झाली. पण चुकीचं गणित सोडून दिल्याने उत्तराची ग्राह्यता वाढूही शकते. काय गमावलं आणि काय कमावलं ते दोन्ही सांगायचं. ‘आराखडा पवित्र आहे’ म्हणून चूक माहीत असताना ती तशीच चालवणं हे माझ्या मते हट्टाचं लक्षण आहे, शिस्तीचं नव्हे. ठरलेल्या चाचणीचा निकालही शेजारी ठेवला की वाद संपतो.

आता खरा मोह. बाईंनी आकडे चाळताना पाहिलं, की ठिबक असलेल्या बागांत फवारणीने गळ ९ टक्क्यांनी घटली, आणि पाटाने पाणी देणाऱ्या बागांत काहीच फरक नाही. यामागे कारणही सुचतं. भारी काळ्या जमिनीत पाटाचं पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, मग वरून फवारून उपयोग काय? गोष्ट इतकी पटते की आपण हेच तपासायला निघालो होतो असं वाटू लागतं. लेखाचं शीर्षकही तयार होतं: ‘ठिबक सिंचनाखालील संत्र्यात फवारणीमुळे फळगळीत लक्षणीय घट’.

आराखड्यात ठिबक हा शब्द नव्हता. आणि बाईंनी एकटं ठिबकच पाहिलेलं नाही. जमीन भारी की मध्यम, झाडं दहा वर्षांआतली की जुनी, खुंट जंबेरी की रंगपूर, तालुका कोणता, आणि सिंचन कोणतं, अशा पाच प्रकारे त्यांनी बागा विभागून पाहिल्या. प्रत्येक विभागणीत दोन गट म्हणजे दहा वेळा डोकावणं. फवारणी पूर्ण निरुपयोगी असती आणि दहाही वेळा स्वतंत्र असत्या, तरी पाच टक्क्यांच्या निकषाने कुठेतरी एकदा ‘लक्षणीय’ दिसण्याची शक्यता चाळीस टक्के होते. मागून सुचलेलं कारण या चाळीस टक्क्यांतला एक टक्काही कमी करत नाही. खुंटात फरक निघाला असता तर त्यालाही तितकंच पटणारं कारण सापडलं असतं.

हृदयरोगाच्या संशोधनात याचा एक प्रसिद्ध धडा आहे, आणि तो पुन्हा ज्योतिषाशीच जाऊन भिडतो. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आयसिस-२ नावाची चाचणी छापून आली. हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण, आणि ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. रुग्णांचे वेगवेगळे गट पाडून कुणाला जास्त फायदा, कुणाला कमी हे दाखवण्याचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम रुग्णांच्या सूर्यराशीही छापल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच झालेला दिसत होता! बाकीच्या दहा राशींना भरघोस फायदा. कोणत्याही डॉक्टरने मिथुन राशीच्या रुग्णाची ॲस्पिरिन बंद केली नाही. तक्त्यात राशीऐवजी ‘मधुमेह’ किंवा ‘वय साठच्या वर’ असं लिहिलेलं असतं तर मात्र काहींनी केलीही असती.

याचा अर्थ ठिबकचं निरीक्षण फेकून द्यायचं असा नाही. ते या अभ्यासातलं सर्वांत उपयोगी निरीक्षण ठरू शकतं. फक्त त्याची पाटी वेगळी लागते. अशा विश्लेषणाला शोधक म्हणतात, आणि आधी ठरवून केलेल्याला पडताळणीचं. ही पाटी कुठे लावायची, यात बरीच हुशारी खेळली जाते. चर्चेच्या शेवटच्या परिच्छेदात ‘हे निष्कर्ष प्राथमिक आहेत’ असं बारीक म्हणून ठेवायचं आणि सारांशात ठिबकचा आकडा पहिल्या ओळीत घ्यायचा, ही पद्धत सर्रास दिसते. सारांशच सगळे वाचतात, कृषी सहायक तोच पुढे सांगतो, आणि वर्तमानपत्रात तर शीर्षकच जातं. म्हणून पाटी सारांशात हवी आणि निकालांतही वेगळं उपशीर्षक हवं. भाषाही तशीच लागते: ‘आढळले’ किंवा ‘सिद्ध झाले’ याऐवजी ‘या आकड्यांत असा कल दिसतो, तो आधी ठरवून तपासलेला नाही’.

बाईंच्या लेखात ती जागा अशी असावी: ‘शोधक विश्लेषण. पुढील तपासणी नोंदवलेल्या आराखड्यात नव्हती. आकडे पाहिल्यानंतर आम्ही बागा पाच प्रकारे विभागून पाहिल्या आणि पाचही विभागण्यांचे निकाल तक्त्यात दिले आहेत. त्यांपैकी सिंचनाच्या विभागणीत फरक दिसला.’ पाचही दिले, यात सगळं आहे. फक्त ठिबक दाखवलं तर ‘शोधक’ हा शब्द असूनही वाचक फसतो, कारण किती दारं ठोठावली हे त्याला कळत नाही.

आणखी एक बारकावा, जो चांगले चांगले चुकवतात. ‘ठिबकमध्ये लक्षणीय, पाटात नाही’ यावरून ठिबक आणि पाट यांत फरक आहे हे सिद्ध होत नाही. ठिबकच्या बागा १८ आणि पाटाच्या २२. त्यांची पुन्हा फवारलेल्या आणि न फवारलेल्या अशी वाटणी केली की एकेका घरात दहाच्या आसपास बागा उरतात. एका घरात आकडा रेषेच्या जरा पलीकडे, दुसऱ्यात जरा अलीकडे, एवढंच असू शकतं. थेट विचारायला हवं, की दोन परिणामांमधला फरक किती आणि त्याची मर्यादा काय. ती मर्यादा अशा ठिकाणी जवळजवळ नेहमीच ऐसपैस निघते. तीच छापावी. शोधक भागात पी-मूल्याला फारसा अर्थ नसतो, कारण ते ‘एकच प्रश्न आधी विचारला’ या गृहीतावर उभं आहे. काही संशोधक त्या भागात पी-मूल्य देतच नाहीत, फक्त परिणामाचा आकार आणि मर्यादा देतात. मला ती रीत आवडते.

गट आधी ठरवलेला असला तरी सावधपणा संपत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची एक चाचणी यासाठी वाचण्यासारखी आहे. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक हजार स्तनकर्करोगग्रस्त स्त्रियांवर, शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन देऊन काही लाभ होतो का, हे पाहिलं. २०११ साली निकाल आला. पाच वर्षं रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया इंजेक्शन घेतलेल्यांत ७३.९ टक्के, न घेतलेल्यांत ७०.२. हा फरक योगायोगाच्या कक्षेतला. पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांत तेच प्रमाण ६५.३ विरुद्ध ५४.७. हा गट वेगळा पाहायचा हे आधीच ठरलेलं होतं. तरी लेखाचा निष्कर्ष सुरू होतो तो सगळ्या स्त्रियांत लाभ दिसला नाही या वाक्याने. गाठींच्या गटाचा लाभ त्यानंतर येतो, आणि शेवटी आणखी अभ्यासाची गरज. वाक्यांचा हा क्रम उलटा केला असता तर तेच आकडे वेगळंच बोलले असते.

वाचकाला हे बाहेरून ओळखता येतं का? बऱ्याच अंशी, आणि त्यासाठी खास शिक्षण लागत नाही. औषधोपचारांच्या चाचण्यांची आपल्याकडची नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून सगळ्यांना खुली आहे. लेखातला नोंदणी क्रमांक तिथे टाकला की मूळ नोंद उघडते. पहिल्या रुग्णाच्या आधी नोंदणी झाली की नंतर, हे तिथेच लिहिलेलं असतं. नोंदीत पुढे केलेले बदलही दिसतात. मग मुख्य मोजमाप कोणतं लिहिलं होतं आणि लेखाच्या सारांशात कोणतं मिरवलं आहे ते जुळवायचं. बेन गोल्डएकर यांच्या गटाने ऑक्सफर्डमध्ये पाच बड्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या अशाच जुळवून पाहिल्या. आधी जाहीर केलेली ३५४ मोजमापं लेखांत आलीच नव्हती, आणि ३५७ नवी मोजमापं न सांगता आत शिरली होती. जवळपास एकास एक अदलाबदल! संपादकांना पत्रं पाठवली तर त्यांतली बरीचशी छापलीही गेली नाहीत.

या पडताळणीलाही चुकवणारा एक आराखडा असतो, तो म्हणजे ज्यापासून ढळताच येत नाही असा. ‘फळगळीवरील परिणाम योग्य संख्याशास्त्रीय पद्धतीने अभ्यासला जाईल’ एवढं नोंदवलं की पुढे काहीही केलं तरी ते आराखड्यातच बसतं. विचलनांचा रकाना कोरा राहतो आणि लेख नितळ दिसतो. म्हणून एखाद्या लेखात ‘आराखड्यापासून कोणताही बदल नाही’ असं वाचलं की मी आधी आराखडा किती ओळींचा होता ते पाहतो. चारपाच बदल कारणांसह लिहिणारा लेख मला त्याहून विश्वासाचा वाटतो.

बाईंच्या हाती आता पुढच्या आंबिया बहाराची तयारी आहे. या वेळी नोंद जानेवारीत, झाडं ताणावर असतानाच व्हावी. प्रश्न एकच: ठिबकच्या बागांत फवारणीचा परिणाम पाटाच्या बागांपेक्षा जास्त आहे का? बागा नव्या, कारण ज्या आकड्यांतून कल्पना सुचली त्यांच्यावरच ती तपासणं म्हणजे उत्तर पाहून प्रश्न लिहिणं. संख्याही वाढवावी लागेल, आणि बरीच. दोन परिणामांतला फरक पकडायला तेवढ्याच आकाराच्या एका परिणामाच्या साधारण चौपट बागा लागतात, म्हणजे चाळीसच्या जागी दीडशेच्या वर. ते एका महाविद्यालयाला झेपणारं नसेल, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाशी किंवा दोनतीन तालुक्यांतल्या महाविद्यालयांशी मिळून करावं. आणि आराखड्यात एक ओळ आधीच असावी: मधेच सौदा झालेली बाग चिठ्ठीत आली त्याच गटात धरली जाईल, आणि तिची सौद्याच्या दिवसापर्यंतची गळ मोजली जाईल.